मुख्य पात्रच ‘मला काढा’ म्हणालं, तर एडिट टेबलावर काय होतं?

प्रश्न: मी एक कथा लिहितोय. एक माहितीपटकार बाई तीन वर्षं बीडकडच्या एका ऊसतोड कामगार बाईवर फिल्म करते. फिल्म संपत आलेली असताना ती कामगार बाई म्हणते, ‘मला काढून टाका त्यातून.’ माझ्या कथेत दिग्दर्शिका गावी जाते, तिला फिल्मचं महत्त्व समजावते आणि शेवटी ती तयार होते. ज्यांना वाचायला दिली त्यांना हा शेवट खोटा वाटला. प्रत्यक्षात अशा वेळी काय होतं? सही घेतलेली असेल तरी काढावं लागतं का? आणि मुख्य पात्र काढायचं म्हणजे एडिटमध्ये नेमकं काय करतात?

उत्तर:

तुमच्या वाचकांशी मी सहमत आहे. मी माहितीपटांचं संकलन करतो. अशी मागणी आल्यावर दिग्दर्शक गावी जातात, हे तुमचं बरोबर आहे. समोरची बाई ‘बरं ताई, ठेवा मग’ असं म्हणतेही. चूक आहे ती त्या ‘बरं’ला होकार समजून कथा संपवण्यात.

तीन वर्षं जिने घरी जेवण केलं, पोराच्या आजारपणात गाडी दिली, दिवाळीला साडी आणली, तिला तोंडावर नाही म्हणणं त्या बाईला अवघड जातं. ‘हजारो बायकांचं भलं होईल’ असं ऐकवल्यावर तर आणखीच अवघड. म्हणून ती ‘बरं’ म्हणते, आणि नकार पुढच्या वेळी दिसतो. फोन नवरा उचलतो आणि ‘ती शेतात गेलीय’ म्हणतो. गाडी दारात थांबली की चहा मुलगी घेऊन येते, आई मागच्या दाराने शेजारी गेलेली असते. आधी स्वतःहून बोलणारी बाई आता विचारलं तेवढंच बोलते, आणि बोलताना डोक्यावरचा पदर सारखा करत राहते. हे दिसायला लागलं की संमती संपली असं धरून चालायचं, तोंडून काहीही आलेलं असो. तुमच्या दिग्दर्शिकेला हे कळतं, आणि कळूनही ती ‘पण ती हो म्हणाली होती’ असं स्वतःला सांगू शकते. तुमच्या कथेतला खरा पेच मला इथे दिसतो.

आता मागणी कधी आणि का येते ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या विषयात ही वेळ फार नेमकी सापडते. ऊसतोडीला टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात. त्याआधीचे दोन-तीन महिने टोळी जमवणारा मुकादम गावात फिरतो आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, वाटतो. नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. घराचं वर्ष त्या पैशावर उभं असतं. मुलीचं लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं, सगळं त्यातूनच जातं.

तुमच्या दिग्दर्शिकेचं कॅलेंडर नेमकं याच महिन्यांत घट्ट होतं. ॲमस्टरडॅमचा इडफा हा माहितीपटांचा मोठा महोत्सव दर नोव्हेंबरला भरतो. तिथे फिल्म जायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात पिक्चर लॉक, म्हणजे चित्रांची जुळणी कायमची पक्की करणं, उरकावं लागतं. त्यानंतर रंग आणि ध्वनिमिश्रण. म्हणजे इकडे ती फिल्म लॉक करते आहे, आणि तिकडे तिच्या नायिकेच्या दारात मुकादम अजून आलेला नाही.

तो का आला नाही, हे तुम्ही असं रचू शकता. निधी मिळवण्यासाठी दिग्दर्शिकेने वर्षभरापूर्वी दोन मिनिटांचा ट्रेलर केला होता. त्यात नायिका तिच्या पिशवीच्या ऑपरेशनबद्दल बोलते. ऑपरेशनचे पैसे मुकादमाने दिले आणि पुढच्या उचलीतून वळते केले, असं ती सांगते. शिवाय खाड्याचं सांगते, की पाळीच्या दिवसांत एक दिवस बुडाला तरी दंड कापला जायचा, म्हणून पिशवीच काढली. हा ट्रेलर कोणीतरी कौतुकाने व्हॉट्सॲपवर टाकला आणि फिरत फिरत तो मुकादमाच्या फोनवर पोचला. तो भांडायला आला नाही, धमकी दिली नाही. त्याने शेजारच्या चार घरांत उचल दिली आणि हिचं दार वगळलं.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली होती आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बोललेलं कुठवर जातं याची त्या भागातल्या बायकांना कल्पना नाही, असं चित्र रंगवू नका. तुमची नायिका जाणून-बुजून बोलली होती. तेव्हा तिला बोलायचं होतं, आता परवडत नाही. भोळी बाई आणि हुशार शहरी दिग्दर्शिका अशी मांडणी केलीत तर दोघींवरही अन्याय होईल.

हे कारण ती पहिल्या फोनवर सांगणार नाही, हेही लक्षात घ्या. आधी ती म्हणेल, ‘मी त्यात बरी दिसत नाही.’ मग ‘आमच्या मालकाला पसंत नाही.’ मग ‘पोरीची सोयरीक बघतोय, पाहुणे काय म्हणतील.’ यातलं एकही खोटं नसतं, पण मुकादमाचं नाव निघायला वेळ लागतो. कित्येकदा ते तिच्या तोंडून निघतच नाही, गावातल्या तिसऱ्याच कोणाकडून, एखाद्या आशाताईकडून कळतं. दिग्दर्शिका पहिल्या कारणाला उत्तर देत बसते (‘अहो, रंग अजून व्हायचाय, छान दिसाल तुम्ही’), आणि त्यामुळे दुसरं कारण आणखी उशिरा येतं. तुमच्या कथेतला अर्धा संवाद इथे मिळेल.

सहीबद्दल विचारलंत. रिलीज फॉर्म सहसा एका पानाचा असतो: माझं चित्रण, आवाज, नाव जगभर, कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी वापरायला हरकत नाही, आणि त्याचा मोबदला मी मागणार नाही. निर्मात्याला तो लागतो, कारण वाहिनी किंवा ओटीटी फिल्म घेताना प्रत्येक ठळक चेहऱ्याचा फॉर्म मागते. त्याशिवाय फिल्मचा विमाही सहसा मिळत नाही. फॉर्म असला की फिल्म विकता येते, एवढा त्याचा खरा उपयोग.

न्यायालयात तो किती टिकेल हा वेगळा प्रश्न आहे. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 25 काही अपवाद सोडले तर मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल मानतो. माहितीपटात पात्रांना सहसा पैसे देत नाहीत, म्हणून समोरचा वकील पहिलं बोट तिथे ठेवेल. वाचता न येणाऱ्या बाईला इंग्रजी फॉर्म कोणी आणि कसा समजावला, हे तो दुसऱ्या फटक्यात विचारेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. पण हे सगळं वकिलांचं बोलणं झालं. उचल न मिळालेली ऊसतोड कामगार बाई मुंबईच्या निर्मात्यावर दावा लावत नाही. म्हणून कथेत न्यायालय आणू नका. कागद दिग्दर्शिकेच्या फाइलमध्ये आहे आणि त्याने तिला सगळी मोकळीक दिली आहे, एवढं पुरे. तिला कोणी अडवणार नाही, म्हणूनच निर्णय पूर्णपणे तिचा आहे.

आता एडिट. हा भाग कथांमध्ये जवळजवळ नेहमी चुकतो. लेखक लिहितात, ‘तिने तिचे सगळे शॉट निवडले आणि डिलीट केले.’ तेवढ्याने माणूस फिल्ममधून जात नाही. तुमच्यासाठी आकडे धरून दाखवतो.

समजा फिल्म 74 मिनिटांची आहे. नायिका पडद्यावर दिसते ती 38 मिनिटं. संकलकाने टाइमलाइनची एक प्रत काढली आणि तिचा प्रत्येक शॉट उचलला. राहिली 36 मिनिटं, मधे काळ्या फटी. आता तो चालवून बघतो. नवरा बैलगाडी जुंपतोय आणि मागून हिचा आवाज येतोय. मुलगी शाळेची वही भरतेय आणि तिच्यावर हिचं बोलणं चाललंय. आवाज हीदेखील तिची ओळख आहे, तोही जायला हवा. आणखी 9 मिनिटं गेली. राहिली 27.

मग नजरा येतात. फडात शेजारची बाई मान वळवून कोणाकडे तरी बघून हसते. ज्याच्याकडे बघून हसली ते माणूसच आता नाही. मुलगी डोळे पुसून उजवीकडे बघते, आणि उजवीकडे कोणी नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण कोणीतरी लपवलंय हे त्याला लगेच जाणवतं. असे प्रसंग 11 मिनिटांचे निघाले. राहिली 16.

या 16 मिनिटांत काय आहे? ड्रोनवरून दिसणारा ऊस. कारखान्याची चिमणी. एका डॉक्टरांची मुलाखत, एका कार्यकर्त्याची मुलाखत, वजनकाट्यावर रांगेत उभे ट्रॅक्टर. थोडक्यात, कोणीही दोन आठवड्यांत करून आणलं असतं ते. दिग्दर्शिकेने तीन वर्षं तिथे राहून जे मिळवलं ते सगळं त्या बाईने दिलेलं होतं, हे या टप्प्यावर तिला आकड्यात दिसतं. दिग्दर्शक-नायिका भांडणाच्या प्रसंगापेक्षा मी हा प्रसंग लिहिला असता: एडिटची खोली, संकलक काही न बोलता टाइमलाइन चालवतोय आणि दिग्दर्शिका उरलेली मिनिटं मोजते आहे.

अजून एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाला माहीत नसते. फडात शूट करताना लेपल माइक बहुतेकदा एकाच व्यक्तीला लावलेला असतो, मुख्य पात्राला. तिच्या ब्लाउजला आतून चिकटवलेला तो छोटा माइक दिवसभर चालू असतो. त्यामुळे फडाचा म्हणून जो आवाज आपण फिल्मभर ऐकतो, कोयता उसावर बसल्याचा, पाचट पायाखाली मोडल्याचा, मोळी उचलताना तोंडून निघणाऱ्या हुंकाराचा, तो बहुतेक तिच्या छातीवरच्या माइकने टिपलेला असतो. दुसऱ्या बायकांच्या दृश्यांखालीसुद्धा तोच ट्रॅक घातलेला असतो, कारण कॅमेऱ्यावरचा माइक लांबून वारा आणि ट्रॅक्टरच जास्त पकडतो. म्हणजे नायिकेची सगळी चित्रं काढली तरी तिचा श्वास फिल्मभर राहतो. तो ओळखू येत नाही, म्हणून ठेवला तर कोणाचं नुकसान नाही असं संकलक म्हणू शकतो. दिग्दर्शिका काय म्हणते? ‘काढून टाका’ या मागणीची हद्द कुठे संपते हा प्रश्न चर्चेत गुळगुळीत होतो. या एका ट्रॅकवर तो तुम्हाला नेमका विचारता येईल.

चेहरा धूसर करण्याची सूचना निर्माता हमखास करणार. दिग्दर्शिकेलाही ती क्षणभर पटेल, म्हणून ती का चालत नाही हे तुम्हाला माहीत हवं. चेहरा झाकणं अनोळखी प्रेक्षकापुरतं कामाचं असतं. ॲमस्टरडॅमच्या प्रेक्षकाने तिला ओळखलं तर तिचं काही बिघडत नाही. तिचं बिघडवू शकणारी माणसं दहा-वीसच आहेत: मुकादम, टोळीतले लोक, नवऱ्याचे भाऊ, मुलीचे होणारे सासरचे. ती तिला पाठमोरी ओळखतात. चालीवरून ओळखतात, हातावरच्या गोंदणावरून, दारातल्या बैलाच्या शिंगांवरून. आवाज यंत्राने जाड केला तरी बोलण्याचा हेल आणि ‘आमचं थोरलं लेकरू’ म्हणण्याची लकब राहते. शिवाय ट्रेलर त्यांनी आधीच पाहिलाय, त्यामुळे धूसर चेहऱ्यामागे कोण आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यात पडद्यावर तोंड झाकलेलं माणूस आपल्याकडे पोलिसांच्या बातमीत दिसतं. जी बाई ताठ मानेने बोलली तिला असं दाखवणं मला फार खटकतं. माझ्या टेबलावर हा पर्याय येतो तेव्हा मी एकच विचारतो, ज्याच्यापासून लपवायचंय त्याला ही बाई ओळखू येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो उपाय नाही.

दुसरा पर्याय असतो पात्र बदलण्याचा. तीन वर्षांचे रशेस म्हणजे शेकडो तासांचं चित्रण. त्यात फ्रेमच्या कडेला सतत दिसणारी दुसरी कोणीतरी असतेच. तुमच्या कथेत ती शेजारच्या कोपीतली जाऊबाई असू द्या. संकलक म्हणतो, ‘हिच्याकडेही पुष्कळ आहे, तीन-चार महिने द्या, हिच्याभोवती फिल्म उभी करतो.’ तंत्राच्या दृष्टीने हे जमतं. बऱ्याच फिल्म अशा मधेच वळलेल्या असतात आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

पण जरा थांबून बघा. जाऊबाई त्याच टोळीतली, तिचा मुकादम तोच. पहिलीला उचल नाकारली गेली ती ज्या गोष्टीमुळे, तीच गोष्ट आता दुसरीच्या तोंडून येणार. पहिलीने निदान धोका ओळखून नाही म्हटलं. दुसरीने काही म्हटलेलं नाही, कारण आपण मुख्य पात्र झालोय हेच तिला माहीत नाही. तिची सही आहे, सगळ्या टोळीची एका दिवशी घेतली होती तेव्हाची. अशा वेळी दिग्दर्शिका धोका फक्त एका बाईवरून दुसऱ्या, जास्त गप्प बसणाऱ्या बाईवर सरकवते. आणि हे करताना तिला वाटत असतं की पहिलीचं म्हणणं आपण ऐकलं. तुमच्या कथेला वळण हवं असेल तर मी हे सुचवेन, कारण इथे दिग्दर्शिका वाईट न ठरताही काय करून बसू शकते हे दिसतं.

मुलीचंही बघा. ती 18 वर्षांखालची असेल तर तिची संमती आई-बापांनी दिलेली आहे. आई बाहेर पडली की मुलीच्या दृश्यांना आधार राहत नाही, मग ती कितीही सुंदर असोत. दिग्दर्शिका ‘निदान मुलीचा शाळेतला प्रसंग तरी’ म्हणेल. तो ठेवला की आईचं आडनाव, गाव, घर सगळं परत आलंच.

मग गावी जाऊन बोलायचंच नाही का? बोलायचं, पण वेगळं. जाताना कॅमेरा नेऊ नये, टीम नेऊ नये. शक्य असेल तर तिच्या विश्वासातली, फिल्मशी संबंध नसलेली एखादी बाई सोबत असावी. फिल्म जशी आहे तशी तिला पूर्ण दाखवावी आणि त्याच दिवशी उत्तर मागू नये. निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’ या 2022 च्या माहितीपटाचं उदाहरण इथे उपयोगाचं आहे. झारखंडमधल्या त्या फिल्ममधली अत्याचार झालेली मुलगी चित्रीकरणाच्या वेळी 13 वर्षांची होती. तिची ओळख झाकावी का, हा प्रश्न दिग्दर्शिकेने खुला ठेवला. ती 18 वर्षांची झाल्यावर तिने फिल्म पाहिली आणि आपला चेहरा राहू द्यावा असं स्वतः ठरवलं. संमती दुसऱ्यांदा विचारली गेली, आणि तीही फिल्म बघितल्यावर. नकार आला असता तर तो ऐकण्याची तयारी होती, म्हणून त्या होकाराला किंमत आहे.

तुमच्या नायिकेला फिल्म दाखवली तर काय होईल? माझा अंदाज असा की ती ऑपरेशनच्या प्रसंगाशी थांबेल आणि म्हणेल, ‘एवढं नको.’ पुष्कळदा ‘मला काढा’चा अर्थ ‘ही तीन वाक्यं काढा’ असा निघतो. दिग्दर्शिकेच्या जिवात जीव येईल, आणि लगेच ध्यानात येईल की ती तीन वाक्यं म्हणजेच फिल्म आहे. निधी त्या वाक्यांवर मिळाला, महोत्सवाने त्यासाठी निवडली. तरीसुद्धा हा मार्ग तुम्ही घ्यावा असं मी म्हणणार नाही. तुमच्या कथेत मुकादमाने दार वगळलेलं आहे. त्याला कोणती वाक्यं राहिली आणि कोणती गेली याच्याशी देणंघेणं नाही, ती फिल्ममध्ये आहे एवढंच त्याला पुरतं. तिने पूर्ण काढायला सांगितलं असेल तर ते पूर्णच आहे. त्यातून सूट काढणं हे दिग्दर्शिकेच्या सोयीचं होईल.

काढायचं ठरलं तरी काम तिथे संपत नाही. फिल्मच्या टाइमलाइनबाहेर ती बाई किती ठिकाणी आहे ते मोजा. पोस्टरवर तिचा हात. महोत्सवाला पाठवलेल्या छायाचित्रांत तिचा चेहरा. सबटायटलच्या फाइलमध्ये तिची वाक्यं. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालात तिचं नाव आणि गाव. निवड समितीला पाठवलेली खासगी लिंक, जिचा पासवर्ड कोणाकोणाला गेला याची कोणी नोंद ठेवलेली नाही. तीन हार्ड डिस्क, त्यातली एक कॅमेरामनच्या घरी. आणि तो ट्रेलर. यूट्यूबवरून तो पाच मिनिटांत काढून टाकता येतो, व्हॉट्सॲपवर जो फिरतोय तो परत आणता येत नाही. ज्या चित्रफितीने नुकसान केलं तीच दिग्दर्शिकेच्या हातात उरलेली नाही. म्हणजे फिल्म पूर्ण मोडूनही नायिकेला उचल मिळेल याची खात्री नाही. हे वाचकाला कळू द्या, आणि दिग्दर्शिकेलाही निर्णयाआधी कळू द्या. उपयोग होईलच असं नसतानाही ती फिल्म मोडते की नाही, हा माझ्या मते तुमच्या कथेचा प्रश्न आहे.

शेवटाबद्दल म्हणाल तर गावातला समजावणीचा प्रसंग मधे न्या आणि अखेरीस एक ईमेल ठेवा. महोत्सवाला आणि निधी देणाऱ्या संस्थेला तिला कळवावं लागेल की फिल्म मागे घेत आहे. ते कारण विचारणार, तो त्यांचा हक्क आहे. पैसे त्यांनी दिलेत, आणि करारात कदाचित ते परत करण्याचं कलमही आहे. खरं कारण लिहिलं तर मुकादम, उचल, ऑपरेशन, गाव सगळं एका संस्थेच्या दप्तरात जातं, तिथून पुढच्या बैठकीत, आणि बैठकीत कोणीतरी म्हणतं की हीच तर फिल्मची खरी गोष्ट आहे, हेच चित्रित करा. म्हणून ती ‘निर्मितीतील अडचणी’ असं लिहिते. थोड्या वेळाने निर्मात्याचा फोन येतो, आणि इतकी वर्षं सोबत असलेला तो माणूस तिला विचारतो की तुला फिल्म पूर्ण करता आली नाही असं मी लोकांना सांगू का. ती हो म्हणते. हा फोन तुम्ही सविस्तर लिहा.